फिल्मच्या कोपऱ्यातला आकडा

*माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. पंधरा दिवसांपूर्वी तो माळ्याच्या शिडीवरून खाली फरशीवर पडला, सात-आठ फूट तरी असेल. शुद्ध गेली नव्हती, पण दोनदा ओकला. साताऱ्याला नेलं, डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन सांगितला. तो नॉर्मल आला. आता मुलगा खेळतो, जेवतो, पण अधूनमधून संध्याकाळी डोकं दुखतं म्हणतो. नात्यातले एक जण म्हणतात, पुन्हा एकदा सीटी करून खात्री करून घ्या. मिस्टरांचे मित्र म्हणतात, एक सीटी म्हणजे शंभर एक्स-रे, आणि सरकारी मर्यादा वर्षाला फक्त एक मिलिसिव्हर्ट आहे, तुम्ही ती कधीच ओलांडलीत. त्याआधी खोकल्यासाठी छातीचा एक्स-रेही झाला होता. सासूबाईंनी त्याला चार दिवस जावेच्या तान्ह्या बाळाजवळ जाऊ दिलं नाही. फिल्मच्या शेवटच्या चौकटीत CTDIvol ३६ आणि DLP ५७६ असं छापलंय. मी माझ्या मुलाचं नुकसान केलं का? आणि दुसरा सीटी करू की नको?*
*— एक आई, कोरेगाव तालुका, जि. सातारा*

ताई, आधी सासूबाईंचं काम करून टाकू, ते सोपं आहे. क्ष-किरण अंगात राहत नाहीत. खोलीतला दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड शिल्लक राहत नाही, तसंच हे. मशीन थांबलं त्या क्षणी तुमच्या मुलाच्या अंगात किरण उरले नव्हते, त्यामुळे बाळाला त्याच्यापासून काहीही मिळू शकत नव्हतं. सासूबाईंची काळजी खरी होती, फक्त ती पडशासारख्या आजाराला लागू पडते. त्यांना हे एवढंच सांगा आणि दोन्ही नातवंडं त्यांच्या मांडीवर द्या.

आता फिल्म हातात घ्या. तुम्ही ते दोन आकडे लिहून पाठवलेत याचं मला खरंच कौतुक वाटलं, कारण बहुतेक पत्रांत "खूप रेडिएशन झालं" एवढंच असतं आणि मग मी काय सांगणार!

CTDIvol हा आकडा तुमच्या मुलाच्या डोक्यात मोजलेला नाही. डोक्याच्या मापाचा, सोळा सेंटिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा ठोकळा असतो. मशीनची त्या वेळची सेटिंग त्या ठोकळ्यावर किती मात्रा देईल, ते हा आकडा सांगतो. म्हणजे किरणांचा झोत किती जोराचा होता, ते यावरून कळतं. ३६ म्हणजे ३६ मिलिग्रे; मिलिग्रे हे शोषल्या गेलेल्या किरणांचं माप. DLP म्हणजे तो जोर गुणिले स्कॅनची लांबी. ५७६ भागिले ३६ करा, सोळा येतात. म्हणजे मशीनने सोळा सेंटिमीटर लांबीचा भाग घेतला.

हे चांगलं की वाईट, ते ठरवायला युरोपात वयानुसार संदर्भपातळ्या ठरवल्या आहेत. एक ते सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या सीटीसाठी तिथे CTDIvol ४० आणि DLP ५०५ धरतात. तुमच्या मुलाचा जोर ३६, म्हणजे पातळीच्या आतच आहे. कुणीतरी त्या दिवशी मशीनवर लहान मुलाची सेटिंग निवडली होती, विसरलं नव्हतं. DLP मात्र थोडा वर आहे. जोर बरोबर आणि DLP जास्त, याचा अर्थ एकच निघतो : लांबी जरा जास्त घेतली. टाळूपासून कवटीच्या तळापर्यंत न थांबता स्कॅन बहुधा मानेत दोन-तीन सेंटिमीटर उतरला. हे आदर्श नाही, पण रडणाऱ्या, मान हलवणाऱ्या मुलाच्या बाबतीत असं होतं. यात भयंकर काही नाही.

उलट झालं असतं तर मला काळजी वाटली असती. मी मिरजेकडे ज्या ठिकाणी बरीच वर्षं स्कॅनचं रिपोर्टिंग केलं, तिथे एकदा रात्रपाळीत चार वर्षांच्या मुलीचा स्कॅन मोठ्या माणसाच्या सेटिंगवर झाला. CTDIvol साठच्या वर. चित्रं अतिशय सुंदर आली होती, आणि खरी अडचण तीच. सीटीमध्ये मात्रा जास्त झाली तर चित्र बिघडत नाही, उलट जास्त गुळगुळीत दिसतं, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही. ती फक्त त्या शेवटच्या चौकटीत दिसते. तेव्हापासून मी लहान मुलाची फिल्म उघडली की आधी तो कोपरा बघते, मग मेंदू.

आता मित्रांनी सांगितलेल्या शंभर एक्स-रेंचं बघू. DLP वरून मिलिसिव्हर्ट, म्हणजे साऱ्या शरीरावरच्या परिणामाचं माप, काढायचं तर वयाप्रमाणे एका आकड्याने गुणायचं असतं. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यासाठी तो ०.००४ आहे. ५७६ गुणिले ०.००४ म्हणजे सुमारे २.३ मिलिसिव्हर्ट. (मोठ्या माणसासाठी हाच आकडा साधारण निम्मा आहे. मूल लहान असल्यामुळे त्याच स्कॅनचं त्याच्या शरीरावरचं वजन जास्त पडतं. मुलांसाठी वेगळी सेटिंग लागते ती याचसाठी.) छातीच्या साध्या एक्स-रेला सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट लागतात. भागाकार करा, एकशेपंधरा येतात. मिस्टरांचे मित्र खोटं बोलत नाहीत.

पण त्यांनी मोजायला चिल्लरच निवडली आहे. छातीचा एक्स-रे हा सगळ्यात स्वस्त फोटो. फुफ्फुसात हवाच जास्त, एकच चित्र, क्षणात किरण आरपार. पोटाच्या एक्स-रेला साधारण ०.७ मिलिसिव्हर्ट लागतात. त्याच्याशी तुलना केली असती तर तुमच्या मुलाचा सीटी "तीन-चार एक्स-रे" ठरला असता, आणि ते ऐकून तुम्ही पत्रच लिहिलं नसतं. स्कॅन तोच, मात्रा तीच. म्हणून "एक सीटी म्हणजे इतके एक्स-रे" असं कुणी म्हणालं की कुठला एक्स-रे, आणि कुठल्या भागाचा सीटी, हे विचारायचं. खोकल्यासाठी काढलेल्या त्या छातीच्या एक्स-रेचं तर मनातूनच काढून टाका. निसर्गातून आपल्याला जे मिळतं त्या हिशेबाने ते तीन दिवसांचं आहे.

हे निसर्गातलं कुठून येतं? जमिनीतल्या युरेनियम-थोरियमपासून, आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतून, आपल्या अन्नातल्या आणि हाडामांसातल्या पोटॅशियममधून, आणि सगळ्यात जास्त जमिनीतून झिरपून घरातल्या हवेत येणाऱ्या रेडॉन वायूमधून. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. आपल्याकडचा काळा कातळ, बेसाल्ट, यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे जमिनीचा वाटा आपल्याकडे थोडा कमीच. महाबळेश्वरला चढून गेलात तर आकाशाचा वाटा किंचित वाढतो. केरळच्या किनाऱ्यावर करुणागपल्लीजवळ मोनाझाइट वाळूत थोरियम इतकं आहे की तिथली काही माणसं सरासरीच्या कित्येक पट मात्रेत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. त्यांच्या दीर्घ पाहणीत कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही.

तर २.३ म्हणजे निसर्गाचे साधारण साडेअकरा महिने. आमच्या क्षेत्रातले लोक इथे थांबतात. "एवढं तर वर्षभरात मिळतंच," म्हणतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात. हे वाक्य मीही शेकडो वेळा म्हटलंय. पण तुम्ही आकडे लिहून पाठवणाऱ्या आई आहात, म्हणून त्यातली पळवाटही सांगते.

निसर्गाचे २.४ सगळ्या अंगावर, थेंब थेंब, वर्षभर पडतात. सीटीचे २.३ हे कागदावरचं सरासरीचं गणित आहे. प्रत्यक्षात ते किरण पायाला, पोटाला जवळजवळ लागलेच नाहीत, ते डोक्यात काही सेकंदांत गेले. मेंदूला मिळालेली मात्रा त्या ३६ मिलिग्रेच्या आसपासची, तिशीतली धरा. म्हणजे मेंदूपुरतं बोलायचं तर "एक वर्ष" ही तुलना फारच सौम्य आहे. केरळच्या लोकांचा दाखलाही म्हणूनच पूर्ण लागू होत नाही, कारण तिथे मात्रा जास्त असली तरी ती सावकाश मिळते. मग ही तुलना करायचीच कशाला? आकार कळावा म्हणून. हे अणुभट्टीतल्या अपघातासारखं काही नाही, रोजच्या जगण्याच्या पट्टीवर मावतं, एवढं ती सांगते. धोका शून्य आहे, असं ती सांगत नाही.

मग धोका किती? इथे तुलना सोडून सरळ मुलं मोजावी लागतात, आणि ती मोजली गेली आहेत. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००२ या काळात पहिला सीटी झालेल्या पावणेदोन लाखांहून जास्त मुला-तरुणांचा मागोवा घेतला गेला, निष्कर्ष २०१२ साली आले. दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचा एकेकदा डोक्याचा सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जास्तीचा दिसेल, असा त्यांचा अंदाज होता. २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांची, साडेनऊ लाखांच्या आसपास मुला-तरुणांची पाहणी आली. रक्ताच्या कर्करोगांबाबत तिचाही आकडा याच घरातला आहे : एका स्कॅनमागे दहा हजारांत एक-दोन. गणित नेमकं इतकंच आहे का यावर वाद आहेत, कारण ज्या मुलाला आधीच काही आजार असतो त्याचाच स्कॅन जास्त होतो. तरी आई-बापाने ठरवायला हा आकडा पुरेसा आहे.

दहा हजार मुलं डोळ्यांसमोर येत नाहीत. पाचशे मुलांच्या वीस शाळा आणा. वीस शाळांत मिळून दोन मुलं.

आता त्याच वीस शाळांत दुसरी गोष्ट मोजा. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांहून जास्त मुलांवरून डॉक्टरांसाठी एक नियम तयार झाला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. दोन वर्षांवरच्या मुलाबाबत तो विचारतो : मूल गुंगीत किंवा वेगळं वागतंय का, कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची खूण आहे का, शुद्ध गेली होती का, उलट्या झाल्या का, डोकं फार दुखतंय का, पडणं गंभीर होतं का. पाच फुटांवरून पडणं यात गंभीर धरतात. तुमच्या मुलात दोन खुणा होत्या : सात-आठ फूट आणि उलट्या. पहिल्या दोन खुणा नाहीत पण बाकीच्यांतली एखादी आहे, अशा मधल्या गटातल्या मुलांत मेंदूला महत्त्वाची इजा असण्याची शक्यता सुमारे ०.९ टक्के निघाली. वीस शाळांत नव्वद मुलं. अशा वेळी डॉक्टर एकतर काही तास दवाखान्यात ठेवून बघतात किंवा सीटी करतात. खुणा एकाहून जास्त असल्या की पारडं सीटीकडे झुकतं.

एका बाजूला नव्वद, दुसऱ्या बाजूला दोन. शिवाय नव्वदांतला धोका त्याच रात्रीचा, दोनांतला पुढच्या वर्षांत कधीतरीचा. त्या दिवशी तुम्ही चुकला नाहीत.

पण हेच मोजमाप उलटंही वापरा. यातली एकही खूण नसेल, तर ती शक्यता ०.०५ टक्क्यांहून कमी होते, वीस शाळांत पाचाहूनही कमी मुलं. तिथे दोन्ही पारडी जवळ येतात आणि "मनाची खात्री म्हणून" सीटी करण्यात अर्थ उरत नाही. खाटेवरून पडला, टेंगूळ आलं, लगेच रडला आणि अर्ध्या तासात खेळायला लागला, अशा मुलाला घेऊन स्कॅनसाठी हट्ट धरणारे पालक मी खूप पाहिलेत. डॉक्टर नको म्हणाले की त्यांना वाटतं, खेड्यातले म्हणून आपल्याला टाळतायत.

वर्षाला एक मिलिसिव्हर्टची सरकारी मर्यादा खरी आहे. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने, एईआरबीने, ती घातलेली आहे. पण ती उद्योग, अणुकेंद्रं, एक्स-रे खोलीची भिंत यांच्यासाठी आहे : तुमच्या कामामुळे शेजाऱ्याला यापेक्षा जास्त मिळू देऊ नका. निसर्गातलं आणि रुग्णाच्या स्वतःच्या तपासणीतलं त्यात धरतच नाहीत. धरलं असतं तर निसर्गानेच दरवर्षी सगळ्यांची मर्यादा मोडली असती. रुग्णाला मर्यादा नसते, कारण कुणाला मोठा अपघात झाला तर चार स्कॅन लागतील, कुणाला एकही नको. तिथे प्रत्येक वेळी कारण विचारायचं असतं.

तेच कारण दुसऱ्या सीटीला विचारू. पहिला नॉर्मल आला. मूल शुद्धीत, खेळतंय, जेवतंय. अशाच मुलांची त्या अमेरिकी पाहणीत वेगळी मोजणी झाली : किरकोळ मार, पहिला सीटी नॉर्मल, अशी १३,५४३ मुलं. त्यांतल्या एकालाही पुढे मेंदूचं ऑपरेशन लागलं नाही. म्हणजे या वेळी आपल्या वीस शाळांत नव्वदच्या जागी शून्याजवळचा आकडा आहे, आणि समोरचे दोन जसेच्या तसे. नातेवाइकांची खात्री करण्याची भाषा प्रेमाची आहे, पण ती खात्री तुमच्याकडे आधीच आहे.

मग डोकं का दुखतं? मेंदूला हादरा बसल्यावर काही दिवस ते दुखतं, विशेषतः दमल्यावर, संध्याकाळी, मोबाइल-टीव्हीसमोर बसल्यावर. हे सीटीत दिसत नाही, दुसऱ्यांदा केला तरी दिसणार नाही. बहुतेक मुलांत तीन-चार आठवड्यांत कमी होत जातं. तोवर पडदा कमी, झोप भरपूर, आणि डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत सायकल, झाडावर चढणं आणि ती शिडी बंद. पहिल्यातून सावरण्याआधी डोक्याला दुसरा मार लागणं हे किरणांपेक्षा खूप वाईट.

स्कॅन न करणं म्हणजे न दाखवणं नव्हे. बालरोगतज्ज्ञांकडे एकदा नेऊन या. ते डोळ्यांत बॅटरी टाकून बघतील, सरळ रेषेत चालवतील, बोलतं करतील. पंधरा दिवसांनंतर ही तपासणी यंत्रापेक्षा जास्त सांगते. आणि पुढचं काही दिसलं तर मात्र मिलिसिव्हर्ट विसरा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा : डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाणं किंवा झोपेतून उठवणारी असणं, पुन्हा उलट्या, न उठणारी गुंगी, झटका, हातापायात अशक्तपणा, तोल जाणं, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं. तेव्हा डॉक्टर सीटी म्हणाले तर त्या मिनिटाला हो म्हणा. तेव्हा कारण नवीन असेल.

"मग कवटीचा साधा एक्स-रे काढू का, किरण कमी" असा प्रश्न मला दर महिन्याला येतो. किरण कमी हे खरं, पण एक्स-रेत हाड दिसतं, मेंदूतलं रक्त दिसत नाही, आणि हाड शाबूत असूनही आत रक्तस्राव असू शकतो. ज्या फोटोतून उत्तरच मिळत नाही त्याची थोडीशी मात्राही वायाच. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण पाच वर्षांच्या मुलाला अर्धा तास त्या आवाजात निश्चल पडायला लागतं. बहुतेकदा झोपेचं औषध द्यावं लागतं आणि नुकताच मार लागलेला असताना तेवढा वेळ नसतो. घाई नसेल आणि डॉक्टरांना खरंच काही शंका असेल, तेव्हा तो पर्याय त्यांच्यापुढे जरूर ठेवा.

ज्यांच्या मुलाचा स्कॅन अजून व्हायचा आहे, त्यांनी टेबलाजवळ दोनच गोष्टी विचाराव्यात. "मशीनवर लहान मुलाची सेटिंग लावलीय ना?" आणि "साधाच स्कॅन आहे ना, की इंजेक्शन देऊन पुन्हा एकदा?" मार लागल्यावर बहुधा साधाच पुरतो. दोनदा घेतला की मात्रा दुप्पट होते आणि शेवटच्या चौकटीत एकाऐवजी दोन ओळी दिसतात. पोटावर शिशाचा ॲप्रन हवाच म्हणून भांडू नका. डोक्याच्या स्कॅनमध्ये पोटाकडे जे थोडं पोहोचतं ते शरीराच्या आतून, ॲप्रनखालून जातं. ॲप्रन घाला तुम्ही, मूल घाबरतंय म्हणून आत हात धरून थांबणार असाल तर. आणि दिवस गेलेले असतील तर आत दुसऱ्या कुणालातरी पाठवा.

तुमच्यासाठी शेवटचं काम. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाच्या मागच्या पानावर तारीख, "डोक्याचा सीटी, साधा, DLP ५७६, नॉर्मल" एवढं लिहून ठेवा, आणि फिल्म गादीखाली न ठेवता सीडीसकट पिशवीत सपाट ठेवा. उद्या कुठल्याही गावी कुणी नवीन डॉक्टर "आधी एक स्कॅन करून घेऊ" म्हणाले, तर ती पिशवी टेबलावर ठेवा.